‘मी येणार नाही’ की ‘मला येता येणार नाही’? बैठकीचा नकार मराठीत कळवताना

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत सामाजिक उपक्रमांचे काम पाहणाऱ्या व्यवस्थापक बाईंना जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी गुरुवारी सकाळी ११ वाजता आढावा बैठकीला बोलावले आहे. नेमके त्याच दिवशी कंपनीत ऑडिट आहे, जाणे शक्य नाही. बाईंनी सवयीने इंग्रजीत मेल लिहिला आणि ‘हा मराठीत करून पाठवा’ म्हणून सहकाऱ्याकडे दिला. राज्याच्या कारभारासाठी १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, स्थानिक प्राधिकरणांसाठी २०२२ चा कायदा आहे. त्यामुळे सरकारी कार्यालयांशी मराठीतून पत्रव्यवहार करण्याची वेळ खासगी कंपन्यांवरही येतेच.

मूळ इंग्रजी मेल अगदी सभ्य होता. सहकाऱ्याने त्याचे इमानेइतबारे असे मराठी केले :

‘प्रिय सर, गुरुवारच्या बैठकीच्या निमंत्रणासाठी धन्यवाद. दुर्दैवाने पूर्व वचनबद्धतेमुळे मी बैठकीला येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. मला तुम्हाला आपली माहिती बुधवारपर्यंत पाठवण्यात आनंद होईल. आपण बैठक पुढच्या आठवड्यात ठेवू शकतो का? गैरसोयीबद्दल मी माफी मागते.’

यात व्याकरणाची ढोबळ चूक एकही नाही. इंग्रजीतले प्रत्येक सौजन्य मराठीत उतरले आहे. तरीही हा मेल वाचून साहेबांच्या कपाळाला आठी पडेल. ती का पडेल, हे पाहण्यासारखे आहे.

नकार कुणाचा, माणसाचा की परिस्थितीचा?

सगळ्यात महागात पडणारे वाक्य आहे ‘मी बैठकीला येणार नाही’. मराठीत ‘मी येणार नाही’ म्हटले की त्यात इच्छा आणि निश्चय येतो. रुसलेला पाहुणा हेच म्हणतो, संपावर गेलेला कर्मचारीही हेच म्हणतो. पुढे कितीही ‘कृपया’ जोडा, क्रियापदातला ठामपणा कमी होत नाही.

मराठीने यासाठी वेगळी सोय केलेली आहे. ‘मला येता येणार नाही’ या वाक्यात ‘मी’चा ‘मला’ होतो. बोलणारा कर्तेपणाच्या जागेवरून बाजूला सरकतो आणि अडचण परिस्थितीकडे जाते. यायचे आहे, पण येता येत नाही, एवढा अर्थ या एका रचनेत मावतो. इंग्रजीत त्यासाठी ‘अनफॉर्च्युनेटली’ हा वेगळा शब्द आणावा लागतो. मराठीत हे काम विभक्ती आणि क्रियापद मिळून करतात.

याच रचनेत पायऱ्याही आहेत. ‘यायला जमणार नाही’ हे बरोबरीच्या माणसाला चालते. वरिष्ठांना लिहिले तर ते उडवून लावल्यासारखे वाटते. ‘येऊ शकणार नाही’ बहुतेक ठिकाणी चालून जाते, पण त्यात ‘मी’ कायम राहतो. ‘उपस्थित राहता येणार नाही’ हे लेखी आणि औपचारिक. ‘उपस्थित राहणे शक्य होणार नाही’ त्याहून एक पायरी वर, थोडे अंतर राखणारे. आपल्या बाईंसाठी तिसरी पायरी योग्य. चौथी पायरी मंत्रालयातल्या सचिवांसाठी राखून ठेवावी, असे माझे मत.

‘नोंद घ्यावी’ कोण कुणाला म्हणतो?

दुसरी ठेच ‘याची कृपया नोंद घ्यावी’ या वाक्याची. इंग्रजीतले ‘प्लीज नोट’ बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. मराठीत मात्र ‘नोंद घ्यावी’ हे परिपत्रकाच्या शेवटी येते. ‘उशिरा आलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत, याची नोंद घ्यावी.’ म्हणजे हे वाक्य वरून खाली जाते. ते खालून वर, किंवा बाहेरच्या माणसाकडून अधिकाऱ्याकडे गेले, की इशाऱ्यासारखे वाजते.

सरकारी मराठीचा अनेकांना वाटतो तसा एकच सरसकट सूर नसतो. तिच्यात चढण-उतरण पक्की ठरलेली आहे. ‘आपणास कळविण्यात येते की’ हे कार्यालय बोलते, व्यक्ती नव्हे. त्यात अधिकार आहे. ‘सूचित करण्यात येते’ त्याहून कडक. वर जाताना ‘सादर’, ‘विनंती’, ‘व्हावी’, ‘मिळावी’ असे शब्द येतात. औपचारिक दिसावे म्हणून एखादा ‘कळविण्यात येते की मी बैठकीस उपस्थित राहणार नाही’ असे लिहितो, तेव्हा शब्द भारदस्त होतात आणि नम्रता जाते. औपचारिक लिहिणे आणि नम्र लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्यालयातल्या मराठीत त्यांची सतत गल्लत होते.

‘कृपया’बद्दलही थोडे बोलले पाहिजे. ‘कृपया रांगेत उभे राहा’, ‘कृपया थुंकू नका’ अशा पाट्यांनी या शब्दातली विनंती जवळजवळ संपवली आहे. मराठीत विनंती क्रियापदाच्या शेवटाला राहते. ‘कळवा’, ‘कळवाल का’, ‘कळवावे’, ‘कळवावे, ही विनंती’ अशी ती चढत जाते. शेवट नीट निवडला असेल तर ‘कृपया’ गाळला तरी काही बिघडत नाही.

‘आपण’ म्हणजे नेमके कोण?

आता खरा गोंधळ. सहकाऱ्याने आदरासाठी ‘आपण’ वापरला : ‘आपण बैठक पुढच्या आठवड्यात ठेवू शकतो का?’ पण मराठीत ‘आपण’ दोन आहेत. एक आदरार्थी, म्हणजे समोरची व्यक्ती. दुसरा समावेशक, म्हणजे तुम्ही आणि मी मिळून. कोणता आहे ते क्रियापद सांगते. ‘आपण ठेवू शकता’ म्हणजे तुम्ही. ‘आपण ठेवू शकतो’ म्हणजे दोघे मिळून. शिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीची तारीख बाहेरच्या कंपनीच्या व्यवस्थापक त्यांच्या जोडीने ठरवायला निघाल्या, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. एका ‘तो’ने एवढे केले.

‘आपली माहिती’ने तर आणखी मोठी पंचाईत केली आहे. ‘आपला’ हा स्वतःचाही असतो आणि समोरच्याचाही. ‘मी आपली माहिती बुधवारपर्यंत पाठवते’ यात माहिती कुणाची? लिहिणाऱ्या बाईंच्या मनात कंपनीची आहे. वाचणाऱ्या कार्यालयात लिपिक विचारेल, आमची माहिती आम्हालाच कशाला पाठवताय? उपाय सोपा आहे : स्वतःचे असेल तिथे ‘माझी’ किंवा ‘आमच्याकडील’ असे स्पष्ट लिहायचे आणि ‘आपला’ फक्त समोरच्यासाठी ठेवायचा.

त्याच वाक्यात ‘मला तुम्हाला’ही आहे. आधी ‘तुम्हाला’, पुढच्या वाक्यात ‘आपण’ अशी उडी वाचणाऱ्याला लगेच टोचते. माझ्या मते ई-मेलमध्ये ‘तुम्ही’ अनादराचा नाही. खासगी कार्यालयात तोच जास्त सहज वाटतो. सरकारी अधिकाऱ्यांना आणि अनोळखी ज्येष्ठांना ‘आपण’. जो निवडाल तो शेवटच्या ओळीपर्यंत टिकवा. ‘आपण’ने सुरू करून ‘तुम्ही’वर उतरण्यापेक्षा पहिल्यापासून ‘तुम्ही’ बरा.

दुर्दैव, वचनबद्धता आणि आनंद

काही शब्द वजनाने चुकतात. ‘दुर्दैवाने’ हा मराठीत अपघात, मृत्यू, आपत्ती यांच्या शेजारी बसणारा शब्द आहे. ऑडिटमुळे बैठक चुकणे हे दुर्दैव नाही. तो शब्द काढून टाकावा. ‘येता येणार नाही’ने त्याचे काम आधीच केलेले आहे. ‘वचनबद्धता’ जाहीरनाम्यात शोभते. इथे ‘आधीच ठरलेले काम’ किंवा ‘पूर्वनियोजित काम’ पुरते. ‘पाठवण्यात आनंद होईल’ऐवजी सरळ ‘पाठवते’. मराठीत काम करून टाकण्याचे आश्वासन हेच सौजन्य समजले जाते, त्यातल्या आनंदाचा उल्लेख कुणी अपेक्षित धरत नाही.

‘निमंत्रण’ लग्नाचे, कार्यक्रमाचे. अधिकाऱ्यांनी बोलावलेल्या बैठकीची ‘सूचना’ किंवा ‘पत्र’ मिळते. ‘प्रिय’ कार्यालयात नकोच. आणि ‘माफी मागते’ हे गुन्हा कबूल केल्यासारखे झाले. ‘दिलगीर आहे’ एवढे बस. ‘क्षमस्व’ मात्र दुकानाच्या बंद दारावरच बरे दिसते.

मग मेल कसा असावा?

शब्द बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. इंग्रजी मेलमध्ये नकार आधी आणि कारण नंतर आले तरी चालते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी असल्याने कारण आधी येऊ शकते आणि नकार मागाहून उतरतो. ‘…ठरलेले असल्याने मला उपस्थित राहता येणार नाही.’ वाचणारा नकारापर्यंत पोहोचतो तेव्हा कारण त्याच्या हातात असते.

आणखी एक गोष्ट मूळ इंग्रजी मेलमध्ये नव्हतीच. आपल्याकडच्या आढावा बैठकीत गैरहजेरीपेक्षा जास्त खटकते ती रिकामी खुर्ची. तुमच्या वतीने कोण येणार, हे सांगितले नाही तर बाकीचे सौजन्य वाया जाते. भाषांतरकाराने हे वाक्य स्वतःच्या मनाने घालू नये, पण मेल लिहिणाऱ्याला विचारावे जरूर. बाईंना विचारल्यावर त्या ‘हो, समन्वयकांना पाठवते’ म्हणाल्या, असे धरू.

विषय : गुरुवारच्या आढावा बैठकीबाबत

मा. शिक्षणाधिकारी महोदय,
नमस्कार.

गुरुवारी सकाळी ११ वाजता होणाऱ्या आढावा बैठकीची सूचना मिळाली. त्याच दिवशी कंपनीचे लेखापरीक्षण आधीच ठरलेले असल्याने मला बैठकीस उपस्थित राहता येणार नाही, याबद्दल दिलगीर आहे. माझ्या वतीने आमचे प्रकल्प समन्वयक बैठकीस येतील. आमच्याकडील शाळांची माहिती बुधवारी दुपारपर्यंत आपल्याकडे पाठवते. काही मुद्द्यांवर प्रत्यक्ष बोलणे आवश्यक वाटल्यास पुढील आठवड्यात आपल्या सोयीने भेटीची वेळ मिळावी, ही विनंती.

आपली,
(नाव, पद)

इथे बैठक पुढे ढकलण्याची मागणी नाहीशी झाली आहे. ‘बैठक बदला’ऐवजी ‘मला वेळ मिळावी’ असे म्हटले की अधिकाऱ्यांची बैठक त्यांच्या जागी राहते आणि बाईंचे कामही होते. शेवटी ‘आपली’ पुरे. ‘कळावे, लोभ असावा’ हा घरगुती पत्राचा गोडवा आहे, आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे जावक क्रमांक असलेल्या पत्रासाठी ठीक. ई-मेलमध्ये ते नुसतीच जागा अडवते.

हाच नकार शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याला कळवायचा असेल तर वरचा मेल जसाच्या तसा पाठवू नये. त्याला वाटेल, आपले काही बिनसले की काय. तिथे एवढे बास : ‘नमस्कार, गुरुवारी ११ वाजता आमचं ऑडिट आहे, त्यामुळे मीटिंगला यायला जमणार नाही. माझे मुद्दे बुधवारी पाठवते. शुक्रवारी दुपारी बोलू या का?’ मीटिंग, ऑडिट हे शब्द इथे खुशाल राहू द्यावेत. ‘लेखापरीक्षण’ घातले तर पुन्हा तो दूर गेला. आणि या मेलमधला ‘बोलू या’ समावेशक आहे. शिक्षणाधिकाऱ्यांच्या बाबतीत जो आगाऊपणा ठरला असता, तोच इथे हवासा आहे.