पेटण्याआधीच विझलेली हमी

रसमडा-बोरई पट्ट्यातील एका बिलेट उत्पादकाचे पत्र आले आहे. 10 टनी इंडक्शन फर्नेसची कॉइल जळाली. पुरवठादार म्हणतो हमी संपली, सर्व्हेयर म्हणतो अस्तर झिजले होते. अशी पत्रे नेहमीच येतात. याच्यासोबत खरेदी ऑर्डरची प्रत होती, म्हणून लिहिणे भाग पडले.

हमीचे कलम ठरलेलेच: रवानगीपासून 18 महिने किंवा चालू झाल्यापासून 12 महिने, जे आधी संपेल ते. माल आला, पण उच्चदाब वीजजोडणीची फाइल टेबलांवर फिरत राहिली. भट्टी पेटली ती रवानगीनंतर 14 महिन्यांनी. वर्षभराची समजून घेतलेली हमी प्रत्यक्षात 4 महिने टिकली आणि कॉइल पाचव्यात गेली. जोडणी येईपर्यंत रवानगी थांबवायला हवी होती. फार तर पुरवठादाराच्या गोदामाचे भाडे पडले असते. पण आमच्या खरेदी विभागांना गेटपासची घाई!

आता विमा. उभारणीची पॉलिसी चाचणीबरोबर संपली. मशिनरी ब्रेकडाउनमध्ये विमा रक्कम जुन्या बिलाची, 2 कोटी. आज तशी भट्टी वाहतूक-उभारणीसह 2.5 कोटींना पडते. म्हणजे विमा 80 टक्क्यांचाच, आणि 20 लाखांच्या नुकसानीवर 16 लाख, त्यातूनही एक्सेस वजा. तेही सर्व्हेयरने अपघात मानला तर. झीज वगळलेलीच असते. बुडालेल्या उत्पादनाचा तर प्रश्नच नाही, त्याची पॉलिसी वेगळी असते आणि ती घेतलीच नव्हती.

पण पत्रातले सर्वांत संतापजनक वाक्य पुढे आहे: ग्राउंड लीकेज डिटेक्टर वारंवार ट्रिप होत असल्याने बायपास केला होता. अहो, वितळलेला धातू अस्तराच्या भेगेतून कॉइलकडे सरकू लागला की गळती प्रवाह वाढतो आणि तेच हे यंत्र सांगते! नव्या अस्तरातल्या ओलाव्याने ते खोटे ट्रिप देते हे खरे, पण त्याचा उपाय नीट सिंटरिंग हा आहे. याच्या उलट, तळातून धातूपर्यंत पोचणारी स्टेनलेस स्टीलची अर्थ वायर अस्तर बदलताना तुटली, तर डिटेक्टर गप्पच राहतो आणि सगळे आलबेल वाटते. म्हणून प्रत्येक नव्या अस्तरानंतर भट्टी भरलेली असताना धातूला अर्थ मिळतो का, हे तपासावे लागते.

जोखीम नोंदवहीत मात्र या जोखमीपुढे ‘विमा व हमीने हस्तांतरित’ असा शेरा आहे. हस्तांतरित झाले ते कॉइलच्या किमतीतले काही रुपये. भट्टीजवळची माणसे अन् थांबलेली मिल जागच्या जागीच होती.

सदस्यांनो, पुढच्या ऑर्डरमध्ये हमी भट्टी चालू झाल्याच्या दिवसापासून मागा. पुरवठादार जादा दर सांगेल. घासाघीस करा, पण ‘जे आधी’ हे शब्द खोडा. आणि आपले सध्याचे हमीकलम, कारखान्याचे नाव खोडून, महिनाअखेर आमच्याकडे पाठवा. सगळी शेजारी शेजारी छापू.