‘नको’ म्हणण्याची तालीम

शाळांच्या भिंतींवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असे फलक आहेत, परिपाठात शपथही होते. तरी पहिली सिगारेट मित्राच्या हातूनच येते. त्या क्षणी कर्करोगाचे चित्र आठवत नाही, सुचायला हवे असते ते एक वाक्य.

चौदा वर्षांचा मुलगा क्लास सुटल्यावर टपरीमागे मित्रांत उभा आहे. ‘घे रे, एक झुरका.’ तो म्हणतो, ‘नको, आईला वास येईल.’ लगेच वेलची पुढे येते. ‘खोकला झालाय,’ म्हटले तर ‘मग उद्या घे.’ प्रत्येक सबब समोरच्याला उत्तर द्यायला जागा देते. म्हणून सराव सबबींचा नसतो, तो ‘नको, मी ओढत नाही’ एवढ्याच वाक्याचा असतो. ‘घाबरलास?’ या टोमण्यालाही तेच वाक्य, त्याच आवाजात. मग लगेच विषय बदलायचा, ‘चल, वडापाव खाऊ,’ आणि पाय हलवायचे. हे वहीत लिहून जमत नाही. उभे राहून, मोठ्याने, चार-पाच वेळा म्हणावे लागते. मित्राची भूमिका शिक्षकाने करावी. वर्गातल्या लाडक्या खोडकराला ती दिली की टाळ्या सिगारेट देणाऱ्याला पडतात! मुलगा हसत, खाली बघत ‘नको’ म्हणत असेल, तर तालीम अजून झालेली नाही.

मात्र केवळ एवढ्यावर विसंबणे चूक ठरेल. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 40 शालेय जिल्ह्यांपैकी निम्म्या जिल्ह्यांत तिसरीपासून बारावीपर्यंत मित्रांचा दबाव ओळखून नकार देण्याचे शिक्षण दिले गेले. 2000 साली निष्कर्ष आले, तेव्हा बारावीतील रोज ओढणाऱ्यांचे प्रमाण शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत जवळपास चौथा हिस्सा होते. कारणांवर वाद आहे, पण एक अडचण उघड आहे. अनेकदा कुणी आग्रह करतच नाही. मुलाला वाटते, ‘सगळेच ओढतात’, आणि तो आपणहून हात पुढे करतो. नुसता नकार शिकवत राहिले तर हा समज पक्काही होऊ शकतो.

त्यावर उतारा आकड्यांत आहे. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी साडेआठ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. म्हणजे साठांच्या वर्गात साधारण पाच. तालमीआधी मुलांना हा अंदाज करायला सांगावा. बहुतेक जण तो फुगवून सांगतात. ‘नको’ म्हणणारा एकटा नाही, पंचावन्नांतला आहे, हे कळल्यावर तेच वाक्य सोपे जाते.

आणि हे पाचवीच्या आसपास व्हायला हवे. त्याच पाहणीत सिगारेट ओढलेल्या निम्म्या मुलांची सुरुवात साडेअकरा वर्षांच्या आतच झालेली होती. नववीतली तालीम त्यांच्यासाठी उशिराची आहे. त्यांना सोडण्यासाठी समुपदेशन लागते.