वंशावळीवर श्रद्धा, वसुलावर अविश्वास

माळव्यातील सरदार घराण्यांची चरित्रे लिहिणारे आमचे लेखक कैफियती आणि वंशावळी मोठ्या श्रद्धेने वाचतात. वसुलाच्या मोडी कागदांकडे मात्र हिशेबाची रद्दी म्हणून पाहतात. ही श्रद्धा चुकीच्या जागी ठेवलेली आहे. कैफियत बहुधा हक्क सिद्ध करण्यासाठी सांगितलेली असते, तेव्हा सांगणाऱ्याला आपला पूर्वज थोर करावाच लागतो. कारकुनाला तशी गरज नसते. अमुक गावचा ऐवज कोणाच्या नावे पडला, एवढेच तो लिहितो.

पण जे कोणी हे कागद उघडतात, तेही बहुधा पहिल्याच ओळीत ठेचाळतात. धारचे यशवंतराव पवार १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले, हे सर्वश्रुत आहे. त्या दिवसांच्या कागदावर सुहूर सन असेल ‘इहिदे सितैन मया व अलफ’; म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. ‘सुहूर सनात ५९९ मिळवावे’ एवढेच पाठ केलेला लेखक १७६० लिहून मोकळा होतो आणि यशवंतरावांना लढाईपूर्वीच मारतो! हा सन मृगापासून, जूनच्या आरंभी, बदलतो. म्हणून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवले पाहिजेत. दोहोंपैकी कोणता आकडा, हे ‘छ’ या खुणेपुढची चांद्र तारीख सांगते. त्या साली जमादिलाखर जानेवारीत आला होता. परंतु चांद्र महिने दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे जंत्रीवाचून गत्यंतर नाही. ११६१ हा आकडा दक्षिणेकडील फसली सन समजून वाचला, तर चूक तब्बल नऊ वर्षांची.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. कागदातून नाव नाहीसे झाले की आमचे लेखक त्या पुरुषाचा मृत्यू ठरवतात. वास्तविक गाव जप्त झाले तरी नाव जाते. उलट धनी मरून गेला तरी नवी सनद होईपर्यंत जमाखर्च जुन्याच नावे चालू राहू शकतो. म्हणून त्याच गावाचे पुढील दोन-तीन सनांचे कागद पाहावेत. तेथे रकमेपुढे ‘जप्ती’ आहे, की मुलाचे नाव आहे, की वारसाकडून घेतलेली नजर जमा आहे? नजर जमा असेल तर मृत्यू त्याआधीचा, एवढेच म्हणता येते, दिवस नव्हे.

मुलाचे नाव सापडले तरी ‘बिन’ आधी शोधावे. पवारांत आनंदराव आणि यशवंतराव ही नावे पिढ्यांमागून पिढ्या फिरतात, आणि मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही. शिरोरेषेखाली सलग धावणाऱ्या ओळीत ही दोन अक्षरे नजरेतून निसटली, तर आजोबांचा ऐवज नातवाच्या चरित्रात जमा होतो.