पत्रिकेत अधियोग आहे, म्हणून फर्म तिच्या नावावर?



मागच्या बॅचमध्ये दोघी जावा आल्या होत्या. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, चार वर्षं झालेली. मसाले बनवण्यात थोरलीचा हात धरणारं कोणी नाही. किराणा दुकानांत माल टाकणं, उधारी वसूल करणं आणि वहीत लिहिणं हे सगळं धाकटी बघते. आता कांडपाच्या मोठ्या मशीनसाठी कर्ज घ्यायचं होतं, म्हणून फर्मची नोंदणी करायची वेळ आली.

घरच्या गुरुजींनी दोघींच्या पत्रिका पाहिल्या आणि सांगितलं, "थोरल्या सूनबाईंना अधियोग आहे. नेतृत्वाचा योग. फर्म त्यांच्या एकटीच्या नावावर करा." सासूबाईंनी मान डोलावली. बॅच संपल्यावर धाकटी मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या पत्रिकेत तो योग नाही, म्हणजे मला जमणार नाही का?"

प्रोप्रायटरशिप एकीच्या नावावर झाली की कायद्याने दुसरीचा त्या धंद्यात काहीच हिस्सा राहत नाही. म्हणजे त्या एका योगापायी चार वर्षांची मेहनत कागदावरून पुसली जाणार होती. अधियोगावर मी पूर्ण लेख लिहिते आहे तो याचसाठी. तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द मोबाइलवरच्या पत्रिकेत वाचलेला आहे आणि मला विचारलेलाही आहे.

आधी योग म्हणजे काय ते बघू. पत्रिकेत चंद्र ज्या राशीत आहे ती राशी एक धरायची आणि पुढे मोजायचं. सहाव्या, सातव्या आणि आठव्या राशीत बुध, गुरू, शुक्र हे शुभ ग्रह असतील तर अधियोग. प्रत्येक घरात एक ग्रह असलाच पाहिजे असं नाही, तिघं मिळून त्या तीन घरांत कुठेही बसले तरी चालतं. वराहमिहिराच्या बृहज्जातकात, म्हणजे सहाव्या शतकातल्या ग्रंथात, हा योग सांगितला आहे.

मोजताना दोन चुका हमखास होतात. एक, लोक चंद्राऐवजी लग्नापासून मोजतात. दोन, चंद्राची रास सोडून पुढच्या राशीपासून मोजायला लागतात, त्यामुळे सगळं एक घर पुढे सरकतं. माझ्याकडे आलेल्या काही पत्रिकांत तर योग एवढ्यावरच निकाली निघाला होता.

आणखी एक तपासणी सांगते, ती करायला ज्योतिष यावं लागत नाही. आकाशात बुध सूर्यापासून 28 अंशांपेक्षा लांब जात नाही. बुध चंद्रापासून सहाव्या, सातव्या किंवा आठव्या राशीत असेल तर तो चंद्राच्या समोरच्या बाजूला असतो, आणि मग सूर्यही त्याच बाजूला आला. सूर्य समोर म्हणजे चंद्र उजळलेला. हिशेब केला तर असा जन्म शुद्ध अष्टमी ते वद्य अष्टमी या काळातच होऊ शकतो, मध्ये पौर्णिमा. तेव्हा तुमचा जन्म अमावास्येच्या आसपासचा असेल आणि कोणी तिन्ही ग्रहांचा अधियोग सांगितला, तर बिनधास्त समजा की मोजणी चुकली आहे.

यातून माझ्यासारख्या हिशेबी माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. उजळलेला, पक्षबळ असलेला चंद्र शास्त्रात तसाही चांगलाच मानतात. अधियोगात तो आपोआप येतो. म्हणजे एकच जमेची बाजू दोनदा मोजली जाण्याचा संभव आहे. वहीत एक पावती दोनदा चढवली तर शिल्लक छान दिसते, पण गल्ल्यात तेवढेच पैसे असतात.

आता मुख्य प्रश्न. हा योग किती जणांना असतो? एक खरं उदाहरण घेऊ. 21 जून 2024, वटपौर्णिमा. त्या आठवड्यात आपल्या पंचांगाप्रमाणे गुरू वृषभेत होता, बुध आणि शुक्र मिथुनेत. चंद्र 19 जूनला दुपारच्या सुमारास वृश्चिकेत आला. वृश्चिकेपासून मोजा, वृषभ सातवी आणि मिथुन आठवी. तिन्ही ग्रह बसले, अधियोग झाला. 21 तारखेला संध्याकाळी चंद्र धनूत गेला. धनूपासून वृषभ सहावी, मिथुन सातवी. पुन्हा अधियोग. 23 तारखेच्या रात्री चंद्र मकरेत गेला, तेव्हा वृषभ पाचवी झाली आणि गुरू योगातून बाहेर पडला.

म्हणजे चार दिवसांहून थोडा जास्त काळ. आपल्या देशात दिवसाला साठ हजारांहून जास्त बाळं जन्माला येतात. त्या चार दिवसांत अडीच लाखांच्या घरात बाळं जन्मली, आणि सगळ्यांना पूर्ण अधियोग. हॉस्पिटलच्या एका वॉर्डातल्या सगळ्या पाळण्यांत अधियोग! चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो, म्हणून हा योग कधी एका बाळाला मिळत नाही. तो त्या दिवसांना मिळतो.

आणि ही पूर्ण योगाची गोष्ट झाली. काही जण तीनपैकी दोन ग्रह असले तरी अधियोग म्हणतात, काही जण एकावरही भागवतात. एकावर भागवायचं ठरवलं तर नुसता गुरू घ्या. तो चंद्रापासून बारापैकी तीन घरांत येण्याची शक्यता चारात एक. म्हणजे तुमच्या दुकानात आलेल्या दर चार गिऱ्हाइकांमागे एक पुढारी. बुध-शुक्र धरले तर आणखी जास्त. म्हणून कोणी योग सांगितला की पहिला प्रश्न विचारा, "किती ग्रहांचा?"

जाणकार ज्योतिषी इथे मला थांबवतील आणि म्हणतील, नुसता योग बघायचा नसतो, ग्रहांचं बळ बघायचं असतं. बरोबर आहे. त्याच जून 2024 मध्ये शुक्राचा अस्त चालू होता, लग्नाच्या मुहूर्तांची टंचाई झाली होती ते तुम्हाला आठवत असेल. बुधही सूर्याच्या जवळ होता, आणि पापग्रहाबरोबरचा बुध पूर्ण शुभ धरत नाहीत. वृश्चिकेच्या बाळांना तर सहाव्यात मंगळही होता. हे सगळं वजा केलं तर त्या अडीच लाखांत चोख योग किती जणांचा उरतो? शिवाय लग्न, दशा वेगळ्या. मी म्हणते, मान्य! पण मग एवढ्या अटी लागणारी गोष्ट "अधियोग आहे" या दोन शब्दांत कशी संपवता? त्या दोन शब्दांवर कर्जाचे कागद कसे करता?

आता थोरलीची पत्रिका. मी ती मागून घेतली. चंद्र कुंभेत. सातव्या सिंहेत गुरू. आठव्या कन्येत बुध, पण सूर्याबरोबर. शुक्र तुळेत, म्हणजे नववा, योगाच्या बाहेर. म्हणजे तीनपैकी दोन ग्रह, त्यातला एक वादाचा. ॲपने मात्र ठळक अक्षरांत छापलं होतं, "अधियोग: नेतृत्वगुण, सत्ता, शत्रूंवर विजय."

त्यातला "नेतृत्व" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. मूळ फळ तसं सांगितलेलं नाही. तिथे तीन पदं आहेत: सेनापती, सचिव आणि राजा. परंपरेत ग्रहांच्या बळाप्रमाणे यातलं एक पद वाचतात, बळ जास्त तर राजा, मध्यम तर सचिव, कमी तर सेनापती. ही तीन कामं किती वेगळी आहेत बघा. सेनापती मैदानात उतरून काम तडीस नेतो. सचिव सल्ला देतो, कारभाराची नोंद ठेवतो. राजा निर्णय घेतो आणि फसला तर भोगतोही. ॲपने तिघांना एका शब्दात कोंबलं. आणि त्या यादीत व्यापारी नाहीच. दरबारातल्या हुद्द्यांची भाषा उचलून आपण फर्मच्या मालकीवर चिकटवतोय.

मी गुरुजींना फोन केला. माणूस सज्जन. मी म्हणाले, "गुरुजी, योग धरून चालू. पण सचिवाचं काम कोण करतंय या घरात?" ते हसले. म्हणाले, "अहो, मी थोरल्या सूनबाईंचं भलं सांगितलं. धाकटीचं नाव काढा असं कुठे म्हटलं?" खरंच म्हटलं नव्हतं. ते अर्थ घरात निघाले होते.

शेवटी दोघींची भागीदारी झाली, लेखी करारासकट. मालाची चव, खरेदी, नवीन मसाला याचा निर्णय थोरलीचा. उधारी, दर, दुकानदार धाकटीकडे. बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या. सही करायचा मुहूर्त गुरुजींनीच काढून दिला. सासूबाई अजूनही म्हणतात की धंदा थोरलीच्या ग्रहांवर चाललाय. धाकटी ऐकून घेते, करारात तिचं नाव आहे.

माझं मत एवढंच आहे. पत्रिका बघू नका असं मी म्हणणार नाही, आमच्या दुकानाचा मुहूर्तही पंचांग बघूनच केला होता. पण अधियोग तुम्ही कोणत्या चार दिवसांत जन्मलात ते सांगतो. त्याच चार दिवसांत जन्मलेल्या लाखोंमधून फर्म कोणाच्या नावावर करायची, हे तो सांगू शकत नाही. भागीदार निवडताना, नोकरी सोडताना किंवा पुष्कराजावर भांडवल घालवताना कोणी हा योग पुढे केला, तर तीन गोष्टी विचारा: चंद्रापासूनच मोजलंय ना, किती ग्रह आहेत, आणि तीन पदांपैकी कोणतं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर वही उघडा आणि गेल्या वर्षी उधारी कोणी वसूल केली ते बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.