‘इलियम’ एक, जागा दोन

रक्तक्षयावरील औषधांचा तास आहे, असे समजा. पडद्यावर मराठीत केलेली स्लाइड आहे. पहिले वाक्य सांगते, की ब-12 जीवनसत्त्व इलियममध्ये शोषले जाते. चार ओळींनंतर दुसरे वाक्य सांगते, की अस्थिमज्जेचा नमुना इलियममधून घेतात. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. तरीही विद्यार्थ्याच्या मनात त्यांतून एकच चुकीचे चित्र उभे राहते. कारण पहिले इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि दुसरे म्हणजे कमरेचे रुंद हाड. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार सारखाच, फरक फक्त मधल्या एका अक्षराचा: आतड्याचे ileum, हाडाचे ilium. देवनागरीत आपण उच्चार लिहितो. त्यामुळे तो एकमेव फरक पुसला जातो.

मध्य प्रदेशात 16 ऑक्टोबर 2022 रोजी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत इंग्रजी संज्ञा मोठ्या प्रमाणावर उच्चारानुसार देवनागरीत उतरवलेल्या आहेत. मराठीतही असे साहित्य हवे, ही मागणी रास्त आहे. जामखेड तालुक्यातील खर्ड्याची एखादी मुलगी बारावीपर्यंत यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड असे शिकून वैद्यकीय महाविद्यालयात जाते आणि पहिल्याच आठवड्यात सारे परके होते. औषधशास्त्राच्या स्लाइड तिला मराठीत मिळाल्या, तर औषध शरीरात काय करते हे तिला लवकर उमजेल. पण स्लाइडवरचा कोणता शब्द मराठी करायचा, कोणता देवनागरीत उतरवायचा आणि कोणता रोमन लिपीतच ठेवायचा, हे अनुवादकाच्या मर्जीवर सोडले, तर मराठीकरणातून नवा गोंधळ जन्माला येईल.

आमच्या मते, औषधांची नावे रोमन लिपीतच राहावीत. हा इंग्रजीचा मोह नव्हे. औषधाचे मूळ नाव हा इंग्रजी भाषेतला शब्दही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 1953 पासून औषधांच्या आंतरराष्ट्रीय नावांच्या याद्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्या नावांची रचना मुद्दाम अशी केलेली असते, की शेपटावरून औषधाचा वर्ग ओळखता यावा. atenolol, metoprolol, timolol ही नावे एकाखाली एक लिहून पाहा. शेवटची चार अक्षरे, -olol, सगळीकडे सारखी दिसतात आणि ही बीटा-रोधक औषधे आहेत हे डोळ्यांना कळते. आता तीच नावे देवनागरीत लिहा: अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, टिमोलॉल. आपल्या लिपीत स्वर आधीच्या व्यंजनात मिसळतो. त्यामुळे शेपटाचा पहिला ‘ओ’ कुठे ‘नो’मध्ये, कुठे ‘प्रो’मध्ये, कुठे ‘मो’मध्ये विरघळून जातो. त्यातच एक अनुवादक ‘लॉल’ लिहितो, दुसरा ‘लोल’. वर्ग दाखवणारी खूण हरवते आणि पाठांतर तेवढे उरते.

यावर कोणी म्हणेल, की रशियन, अरबी आणि चिनी विद्यार्थी आपापल्या लिपीत ही नावे शिकतातच ना? शिकतात, पण त्या भाषांतील नावांची रूपे आंतरराष्ट्रीय यादीतच ठरवून दिलेली असतात. मराठीसाठी अशी ठरलेली रूपे त्या यादीत नाहीत. जोवर एका औषधाचे देवनागरी रूप एकच, असे कोणी अधिकाराने ठरवत नाही, तोवर प्रत्येक महाविद्यालयात वेगळे रूप तयार होणार. थायमिनचेच पाहा. ब-1 जीवनसत्त्व thiamine आणि डीएनएचा घटक thymine हे दोन्ही आपण सर्रास ‘थायमिन’ असेच लिहितो. पहिले रुग्णाला देतात, दुसरे देत नाहीत.

शिवाय हे नाव विद्यार्थिनी पुढे कुठे वाचणार, हाही प्रश्न आहे. गोळ्यांच्या पाकिटावर, केसपेपरवर, औषधांच्या दुकानातील बिलावर ते रोमन लिपीतच असेल आणि तिला स्वतःलाही ते तसेच लिहावे लागेल. औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे डॉक्टरांच्या आचारनियमांत आहे. स्लाइडवर क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड कानांनी शिकलेल्या मुलीला चिठ्ठी लिहिताना स्पेलिंग अंदाजाने जुळवावे लागेल. यातले पहिले मानसिक आजाराचे औषध, दुसरे रक्तातील साखर उतरवणारे.

अवयवांच्या नावांना मात्र हा न्याय लावू नये. हृदय, यकृत, फुफ्फुस, जठर, मूत्रपिंड हे शब्द विद्यार्थी शाळेपासून वापरतात. त्यांच्या जागी ‘हार्ट’, ‘लिव्हर’, ‘लंग्ज’ देवनागरीत लिहिणे म्हणजे मराठी वाक्याला उगीच ठिगळे लावणे. ते शब्द मराठीतच राहावेत आणि परीक्षेची व संदर्भग्रंथांची ओळख राहावी म्हणून पहिल्या स्लाइडवर एकदाच रोमन नाव शेजारी यावे. अपवाद इलियमसारख्या जोड्यांचा. तिथे उच्चार लिहून भागत नाही. हाडाला कमरेचे हाड आणि आतड्याला लहान आतड्याचा शेवटचा भाग असे सरळ म्हणावे आणि दरवेळी सोबत रोमन संज्ञा ठेवावी.

मराठी शब्द आहे म्हणून तो सुरक्षित आहे, असेही नाही. इथे सर्वांत मोठा सापळा आपल्या रोजच्या बोलीत आहे. ‘पित्त’ घ्या. आरोग्य केंद्रात आलेला माणूस ‘पित्त झालंय’ म्हणतो, तेव्हा त्याला छातीत जळजळ आणि आंबट ढेकर म्हणायचे असतात. म्हणजे जठरातले आम्ल. ‘अंगावर पित्त उठलंय’ म्हणतो, तेव्हा खाजणाऱ्या गांध्या. आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा पाचक रस. तिन्हींवरची औषधे निराळी. आम्ल कमी करणाऱ्या omeprazole या औषधाच्या स्लाइडवर ‘पित्त कमी होते’ असे लिहिले, तर ते रुग्णाला समजेल. पण विद्यार्थी यकृताकडे पाहू लागेल. म्हणून स्लाइडवर आम्ल, पित्तरस आणि गांधी हे तीन शब्द वेगळे ठेवावेत. नुसते ‘पित्त’ वापरूच नये.

‘नस’ हा शब्द याहून धोक्याचा. ‘नस दबली’ म्हणताना आपल्याला मज्जातंतू अभिप्रेत असतो, ‘नस सापडत नाही’ म्हणताना शीर. ‘इंजेक्शन नसेतून द्यावे’ हे वाक्य बोलण्यात चालते, औषधशास्त्रात चालत नाही; शिरेत द्यायचे औषध मज्जातंतूत गेले तर तो कायमचा दुखावू शकतो. ‘शीर’ आणि ‘मज्जातंतू’ हे दोन वेगळे मराठी शब्द आपल्याकडे आहेत, तेच वापरावेत. याच जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. मराठीतून आरोग्य शिकवता येते, हे या तालुक्याने दाखवून दिले आहे. पण त्या स्त्रियांना औषधाची चिठ्ठी लिहायची नव्हती. एमबीबीएसच्या विद्यार्थिनीला रुग्णाचे ‘पित्त’ ऐकून घ्यायचे आणि कागदावर नेमके औषध लिहायचे, अशी दोन्ही कामे करायची आहेत.

एक स्लाइड करून पाहू. सगळे उच्चारानुसार उतरवले तर वाक्य असे होते: ‘प्रोप्रॅनोलॉल हार्टमधील बीटा-1 रिसेप्टर्स ब्लॉक करून हार्ट रेट डिक्रीज करते, ब्रॉन्कोकन्स्ट्रिक्शनमुळे अस्थमामध्ये कॉन्ट्राइंडिकेटेड.’ यात मराठी फक्त प्रत्यय आहेत. इंग्रजी न समजणाऱ्याला हे समजणार नाही आणि इंग्रजी समजणाऱ्याला याची गरज नाही. आता असे लिहा: ‘propranolol हे औषध हृदयातील बीटा-1 ग्राहींना अडवते. त्यामुळे ठोके मंदावतात आणि आकुंचनाचा जोर कमी होतो. तेच औषध श्वासनलिकांतील बीटा-2 ग्राहींनाही अडवते, त्यामुळे नलिका आकसतात. म्हणून दमा असलेल्या रुग्णाला ते देऊ नये.’ औषध रोमन, अवयव मराठी, क्रिया मराठी. दम्याच्या रुग्णाला का द्यायचे नाही, हे आता पाठ करावे लागत नाही.

या वाक्यात आणखी एक गोष्ट दिसेल. रोमन नावाला विभक्तीचा प्रत्यय चिकटवलेला नाही. ‘propranololमुळे’ असे लिहिले की नाव कुठे संपले ते डोळ्यांना चटकन दिसत नाही. ‘या औषधामुळे’ असे लिहिले की प्रत्यय मराठी शब्दाला लागतो आणि नाव अखंड राहते. मात्रेचे आकडेही आंतरराष्ट्रीय अंकांतच असावेत. देवनागरी १ घाईत 9 सारखा दिसतो आणि ५ चा 4 होतो. मात्रेच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही.

पहिली स्लाइड करण्यापूर्वी शब्दांची यादी पक्की व्हावी. राज्याच्या भाषा संचालनालयाचे शरीर आणि औषधशास्त्राचे परिभाषा कोश हाताशी आहेत; त्यांतले रुळलेले शब्द घ्यावेत, न रुळलेल्यांचा हट्ट धरू नये. प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारावेत. हा शब्द वाचून दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येऊ शकतात का? येत असतील, तर तो बदलावा किंवा सोबत रोमन संज्ञा ठेवावी. आणि विद्यार्थ्याला हा शब्द पुढे जसाच्या तसा लिहून द्यावा लागणार आहे का? लागणार असेल, तर तो रोमनमध्येच ठेवावा. यादी नीट झाली की नाही, हे तपासणेही अवघड नाही. स्लाइड शिकवून झाल्यावर मुलांना त्यातल्या औषधांची चिठ्ठी लिहायला सांगावी आणि औषध काय करते हे मराठीत समजावून सांगायला लावावे. स्पेलिंग चुकले, तर आपण जास्त मराठी केले. कार्य सांगता आले नाही, तर कमी.