एका टिपणीच्या तीन भाषा

केंद्रीय सचिवालयातील सहायक कक्ष अधिकारी ज्या स्पर्धापरीक्षेतून येतो, ती गणित, तर्क, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान तपासते. रुजू झाल्यावर तो दिवसभर टिपणी लिहितो. प्रशिक्षणात त्याला कार्यालयीन पद्धती शिकवली जाते आणि वार्षिक अहवालात 'संवादकौशल्य' या शब्दापुढे १० पैकी गुण मिळतात. काम एक, भाषा तीन.

२०१४ मध्ये नागरी सेवांसाठी २५ सक्षमतांचा कोश तयार झाला. २०२० च्या मिशन कर्मयोगीने भूमिका, कृती आणि सक्षमता यांची साखळी जोडली. तरीही प्रत्यक्ष आराखडा लिहिताना आपण विशेषणांकडेच वळतो. 'उत्तम लेखन' हे विशेषण आहे. त्यावरून कोणास निवडावे वा काय शिकवावे, हे कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. निवृत्त कर्मचाऱ्याने तातडीने, यादीबाहेरील रुग्णालयात उपचार घेतले आणि खर्चाची मागणी केली. सहायक कक्ष अधिकाऱ्याच्या पातळीवर अपेक्षा अशी: लागू नियम व मान्य दर शोधून, पृष्ठक्रमांकासह मांडतो. कक्ष अधिकारी: तातडीचे प्रमाणपत्र नसल्याचे ओळखतो आणि पर्याय, प्रत्येकाच्या खर्चासह, देतो. अवर सचिव: नियम शिथिल करण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरवून वित्त शाखेच्या आक्षेपाचे उत्तर आधीच लिहितो. तिन्ही वाक्यांत क्रियापद आहे आणि त्याचा पुरावा नस्तीत सापडतो.

आता हीच वाक्ये सर्वत्र चालतात. निवडीच्या वेळी कागदांचा हाच संच देऊन एका तासात अर्ध्या पानाची टिपणी मागावी. मूल्यमापनात गुणांसोबत दोन नस्त्यांचे क्रमांक द्यावेत. प्रशिक्षण ज्या वाक्यापाशी माणूस अडला, तेथून सुरू करावे.

वाक्य पक्के आहे का, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. दोन वरिष्ठांनी त्याच पाच टिपण्या एकमेकांना न विचारता पातळीवार लावाव्यात. निकाल वारंवार भिन्न आले, तर दोष बहुधा वाक्याचा असतो.

परंतु समान भाषेत एक धोका दडलेला आहे. 'मला पर्याय मांडता येत नाहीत' असे प्रशिक्षणासाठी लिहून देणाऱ्याचा तोच कागद पदोन्नतीच्या वेळी पुढे आला, तर पुढील वर्षी कोणीही खरे लिहिणार नाही. मग सारेच सर्वोच्च पातळीवर दिसू लागतील आणि आराखडा निरुपयोगी ठरेल. म्हणून माझे मत असे की वाक्ये एकच असावीत, नोंदवह्या मात्र दोन. प्रशिक्षणासाठी दिलेली कबुली अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यास दिसू नये. त्याने केवळ नस्ती पाहून गुण द्यावेत. ही भिंत आधी बांधावी, कोश मागाहून छापावा.