‘खाली’ ग्लास आणि ‘खाली’ मांजर

नाशिकच्या आमच्या मोठ्या शिशुवर्गात परवा ‘विरुद्ध जोड्या जुळवा’ची वर्कशीट घेतली. डावीकडे टेबलावर बसलेले मांजर, भरलेला ग्लास, वाफेचा चहा आणि मोठा चेंडू. उजवीकडे त्यांच्या विरुद्ध चित्रे, क्रम बदललेला. आम्ही म्हटले, “हे मांजर वर आहे. आता खाली शोधा.” एका मुलाने वरच्या मांजरापासून रेघ ओढली ती थेट रिकाम्या ग्लासापर्यंत.

फुली मारण्याआधी आम्ही विचारले, “हे काय आहे?” तो म्हणाला, “खाली गिलास.”

त्याचे चुकले नव्हते. घरात अम्मी-दादी उर्दू बोलतात. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामा, आणि मराठीतल्या ‘खाली’ला तिथे ‘नीचे’ म्हणतात. मुलाला अर्थ कळला होता, फक्त शब्द दोन भाषांचे निघाले. आम्ही ‘नीचे कौन है?’ असे विचारताच त्याने टेबलाखालच्या मांजरावर बोट ठेवले.

तेव्हापासून आम्ही रेघ ओढण्याआधी प्रत्येक चित्राचे नाव मुलाकडूनच वदवून घेतो. बोट बरोबर आणि शब्द उर्दू असेल, तर कल्पना पक्की आहे, फक्त मराठी शब्द द्यायचा आहे. बोटच चुकले, तर खऱ्या वस्तू हातात द्यायच्या.

‘गरम-थंड’मध्ये हे लवकर दिसते. कागदावर ऊन किंवा गारवा काढता येत नाही. वाफेला मुले धूर म्हणतात, बर्फाला खडीसाखर. म्हणून आधी दोन स्टीलच्या वाट्या घ्या. एकीत सोसवेल इतके कोमट पाणी, दुसरीत माठातले. मूल दोन्हींत बोट बुडवेल, ‘गरम’, ‘थंड’ म्हणेल, मग चित्राकडे वळेल. चटका बसेल असे पाणी मात्र नको.

घरी वर्कशीट काढायची असेल, तर दोन्ही चित्रांत वस्तू एकच ठेवा, फक्त गुण बदला. एकाच कपात वाफेचा चहा आणि बर्फाचे सरबत काढले, तरी मूल ‘चहा-सरबत’ अशी जोडी समजू शकते. त्यापेक्षा दोन्ही कपांत पाणीच असू द्या, एकावर वाफ, दुसऱ्यात बर्फ. मोठा हत्ती आणि लहान उंदीर काढण्यापेक्षा मोठा चेंडू आणि लहान चेंडू काढा.

जोड्या चारच पुरेत. उजवीकडची चित्रे समोरासमोर येऊ देऊ नका, नाहीतर मूल न बघता सरळ रेघा ओढते. उजवीकडे एक जोड नसलेले चित्रही टाका. चारच चित्रे असली, की तीन जोड्या लागल्यावर चौथी आपोआप लागते, आणि ती मुलाला खरेच आली की उरली म्हणून लागली, हे आपल्याला कळत नाही.

त्या मुलाच्या कागदावर आम्ही फुली मारली नाही. ग्लासाखाली ‘रिकामा’ असे लिहून दिले आणि तो शब्द त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.